‘हाय’ पाठवा म्हणाले आणि नंबरच गेला: चाकणच्या एका भरतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

चाकण एमआयडीसीतलं एक जॉब शॉप. माणसं चाळीसेक, मशीनिंगची कामं, दोन मोठे कस्टमर. ओळख लागू नये म्हणून नाव आणि बारीकसारीक तपशील बदललेत, बाकी घडलं तसंच सांगतोय. मी अशा छोट्या कंपन्यांना भरती, पेरोल वगैरेत मदत करतो, पण या प्रकरणात मी उशिरा आलो, आधी जो गोंधळ व्हायचा तो होऊन गेला होता.

दोन नवीन व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीन यायच्या होत्या आणि दोन्ही तीन पाळ्यांत चालवायच्या, म्हणजे मशीन स्वतः सेट करून चालवणारे सहा सेटर कम ऑपरेटर पाहिजेत. शिवाय क्वालिटीला दोन इन्स्पेक्टर. मशीन पाच आठवड्यांनी लागणार होत्या. आत्तापर्यंत या कंपनीत भरती म्हणजे गेटवर ‘पाहिजेत’चा फ्लेक्स लावायचा आणि जुन्या ऑपरेटरला सांगायचं की तुझ्या ओळखीचा कोणी असेल तर आण. एकदम आठ माणसं त्यांनी कधीच घेतली नव्हती.

एचआर बघायला एकच मुलगी, दीड वर्षापूर्वी जॉईन झालेली, अटेंडन्स, गेटपास, पीएफ सगळं तिच्याकडेच. शेठ तिला म्हणाले, ‘ताई, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका सगळीकडे, आजकाल तिथेच मिळतात पोरं.’ तिला स्वतःचा नंबर द्यायचा नव्हता (बरोबरच आहे, रात्री अकराला फोन येतात), म्हणून कंपनीनं नवीन सिम घेतलं. त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅप चालू केलं, फोटो नाही, नावाच्या जागी नुसतं ‘एचआर’.

काय झालं

पहिला मेसेज हा असा होता, जसाच्या तसा:

‘अर्जंट हायरिंग!!! 🔥🔥 नामांकित कंपनीत त्वरित भरती. आकर्षक पगार + सुविधा. मर्यादित जागा!! इच्छुकांनी लगेच हाय पाठवा. 👇👇’

खाली एक फाईल, `JD_final_new(2).zip`. तिच्यावर एक ओळही नाही की हे काय आहे.

हे अकरा ग्रुपवर गेलं. ग्रुपवर ती कशी आली, तर ऑपरेटर लोकांनी लिंक दिल्या होत्या: आयटीआयच्या जुन्या बॅचचे ग्रुप, ‘एमआयडीसी जॉब’ टाईपचे, दोन गावाकडचे. दुसऱ्या दिवशी उत्तरं कमी आली म्हणून तिनं ग्रुपमधल्या लोकांना एकेक करून टॅग केलं, एका ग्रुपमध्ये तर साठच्या आसपास. तिच्या डोक्यात हे होतं की लोकांनी ग्रुप म्यूट केलेले असतात, टॅग केलं की निदान दिसेल तरी. दिसलं, म्यूट ग्रुपमध्ये तुमचं नाव घेतलं तर नोटिफिकेशन येतंच. पण तिसऱ्या पाळीवरून येऊन सकाळी आठला झोपलेल्या माणसाचा फोन वाजतो, तो बघतो तर अनोळखी नंबर, आगीचे इमोजी आणि एक झिप फाईल. मग तो काय करणार?

चार ग्रुपमधून तिला काढलं. एका ग्रुपमध्ये कोणीतरी स्क्रीनशॉटवर लाल अक्षरात ‘फेक आहे, फाईल उघडू नका’ लिहून टाकलं आणि तो स्क्रीनशॉट तिच्या मूळ मेसेजपेक्षा जास्त फिरला. तरी दीडशेच्या आसपास लोकांनी ‘हाय’ पाठवलं. या प्रत्येकाला तिनं एकच मजकूर कॉपी-पेस्ट केला, त्यात एका फॉर्मची छोटी केलेली लिंक, आणि फॉर्ममध्ये आधार कार्डाचा फोटो आणि बँक पासबुकाचं पहिलं पान मागितलेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर अकाउंट बंद.

हाताला काय लागलं? नऊ बायोडेटा, दोन जण प्रत्यक्ष आले, त्यातला एक ट्रायल न देताच गेला. जॉईन शून्य. पाचातला एक आठवडा संपलेला.

मी गेलो तेव्हा काय दिसलं

शेठचं म्हणणं होतं, पोरांना काम नकोय. ताईचं म्हणणं होतं, व्हॉट्सअ‍ॅपनं उगाच बंद केलं, आम्ही काय फ्रॉड आहोत का. मी म्हटलं नाही, तुम्ही फ्रॉड नाही, पण समोरच्याला ते कळायला तुमच्या मेसेजमध्ये काही आहे का ते दाखवा. कंपनीचं नाव नाही, जागा नाही, काम कसलं ते नाही, पगाराचा आकडा नाही. वेल्डरला पाठवला तरी चालेल, अकाउंटंटला पाठवला तरी चालेल, आणि घरबसल्या व्हिडिओ लाईक करून पैसे कमवा म्हणणाऱ्यानं पाठवला तरी चालेल. तो मेसेज असाच असतो, कारण त्याच्याकडे सांगायला खरं काहीच नसतं, म्हणून तो ‘नामांकित’ आणि ‘आकर्षक’ लिहितो. ताईकडे सांगायला सगळं होतं आणि तिनं तरी तेच शब्द उचलले, कारण भरतीचा मेसेज असाच असतो असं तिनं इतरांचं बघून धरलं होतं. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

मग ती झिप उघडली. आत तीन गोष्टी: कामाच्या वर्णनाची वर्ड फाईल, अर्जाची एक्सेल शीट आणि एका पार्टचं ड्रॉईंग. ड्रॉईंग का, तर क्वालिटीच्या माणसाला ड्रॉईंग वाचता येतं का ते आधीच कळावं. कल्पना वाईट नाही. पण ड्रॉईंगच्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमध्ये कस्टमरचं नाव आणि पार्ट नंबर होता! कस्टमरशी गुप्ततेचा करार सही केलेला, आणि त्यांचं ड्रॉईंग अकरा ग्रुपवर. शेठचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. नशीब एवढंच की झिप असल्यामुळे बहुतेकांनी उघडलीच नाही.

लोक न उघडण्याचं कारण साधं आहे. आरटीओ चलन, लग्नपत्रिका, पीएम किसान अशा नावानं एपीके फाईली फिरतात आणि त्या टाकल्या की बँकेचे ओटीपी दुसरीकडे जातात, हे आता गावागावात माहीत झालंय. तुमची फाईल झिप आहे, एपीके नाही, हा फरक सकाळी झोपेतून उठलेला माणूस करत बसत नाही. आणि मोबाईलवर झिप सोडवणं ही तशीही कटकटच आहे.

अकाउंट का बंद झालं ते व्हॉट्सअ‍ॅप नेमकं सांगत नाही, पण समोरच्याच्या फोनवर काय घडतं ते माहीत आहे. अनोळखी नंबरनं मेसेज केला की चॅटमध्येच ब्लॉक आणि रिपोर्टचा पर्याय दिसतो, आणि रिपोर्ट केलं की त्या नंबरचे शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सअ‍ॅपकडे जातात, पाठवणाऱ्याला काहीही न कळता. इथे नंबर नवाकोरा, कोणाकडे सेव्ह नाही, आणि सगळ्यांना गेलेला मजकूर अक्षरशः सारखा. यातून कोणाला काय दिसणार, तुम्हीच सांगा.

कोणते पर्याय होते

शेठला पटकन सुचलेला मार्ग म्हणजे बल्क मेसेजवाला. कोणीतरी एजंट त्यांना भेटला होता, ‘हजारो नंबर आहेत, पुणे-नाशिक पट्टा, सॉफ्टवेअरमधून एका तासात सगळ्यांना जाईल.’ मी याला सरळ नाही म्हटलं. हे सॉफ्टवेअर व्हॉट्सअ‍ॅपच्या नियमात बसत नाही, नंबर परत जाणार, आणि साध्या एसएमएसनं करायचं म्हटलं तर ट्रायच्या नियमाप्रमाणे आधी हेडर आणि मजकुराचा साचा रजिस्टर करावा लागतो, सहा ऑपरेटरसाठी कोण करणार. मूळ गोष्ट म्हणजे अडचण मेसेज कमी लोकांकडे गेला ही नव्हती, दीडशे जणांनी हाय पाठवलंच होतं की!

दुसरा पर्याय ब्रॉडकास्ट लिस्टचा, ताईनं सुचवलेला. तिला माहीत नव्हतं की ब्रॉडकास्ट फक्त त्यालाच पोचतो ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय. नव्या सिमला ते शून्य.

तिसरा लेबर कॉन्ट्रॅक्टर. तो आठ दिवसांत माणसं देतो, पण हेल्पर आणि साधे ऑपरेटर. स्वतः टूल ऑफसेट घेऊन पहिला पीस काढणारा सेटर कॉन्ट्रॅक्टरकडे सहसा टिकत नाही, तो थेट कंपनीतच लागतो. यावर आम्ही जरा वेळ वाद घातला, शेवटी पंधरा दिवसांत तीन तरी मिळाले नाहीत तर कॉन्ट्रॅक्टरला सांगू असं ठरलं.

राहिला तो मार्ग हळू होता: मेसेज नव्यानं लिहायचा, थोड्या ठिकाणी टाकायचा आणि टाकायच्या आधी विचारायचं.

काय केलं

नंबरसाठी रिव्ह्यूची विनंती टाकली, पण तो परत मिळण्याची वाट बघितली नाही. ऑफिसमध्ये एक जुना मोबाईल नंबर होता, डिस्पॅचवाल्याचा, चार वर्षं वापरातला, ट्रान्सपोर्टर आणि कस्टमर सगळ्यांकडे सेव्ह असलेला. त्यावर बिझनेस अ‍ॅप टाकलं, प्रोफाईलला कंपनीच्या गेटचा बोर्डासकट फोटो, पत्ता, वेळ, ऑफिसची लँडलाईन. डिस्पॅचवाला चार दिवस कुरकुरला.

मग मेसेज. ताईलाच लिहायला सांगितला, मी फक्त विचारत राहिलो: मशीनच्या कुठल्या कंट्रोलवर काम आहे? पाळी किती तासांची? बस कुठून येते? तिला सगळं माहीत होतं. शेवटी हे झालं:

‘नमस्कार. (कंपनीचं पूर्ण नाव), चाकण एमआयडीसी, (गट नंबर). व्हीएमसी सेटर कम ऑपरेटर ६ जण पाहिजेत. फानुक कंट्रोलवर कमीत कमी २ वर्षं स्वतः सेटिंग केलेलं असावं. ८ तासांच्या तीन पाळ्या, आठवड्याला बदलतात, रविवार सुट्टी. पगार २२,००० ते २६,०००, मशीनवर ट्रायल बघून ठरेल. बस भोसरी आणि राजगुरुनगरहून. कुठलीही फी नाही, एजंट नाही. यायचं असेल तर या नंबरवर चार गोष्टी लिहा: नाव, राहायला कुठे, कुठल्या कंट्रोलवर किती वर्षं, ट्रायलला कोणत्या दिवशी येऊ शकता. खात्री करायची असेल तर ऑफिसला (लँडलाईन) फोन करा नाहीतर सरळ गेटवर या, १० ते ५. या महिन्याच्या २० तारखेपर्यंत.’

फाईल नाही, लिंक नाही, इमोजी नाही. क्वालिटीसाठी वेगळा मेसेज, कारण दोन्ही एकत्र टाकले की ऑपरेटर क्वालिटीचं वाचून गोंधळतो. ड्रॉईंग वाचायची परीक्षा इंटरव्ह्यूला, कागदावर, टायटल ब्लॉक झाकून. आधार आणि पासबुक जॉईन व्हायच्या दिवशी. पीएफच्या कामाला ते लागतातच, पण ज्याला अजून कंपनीचं नाव धड माहीत नाही तो तुम्हाला आधार का देईल?

‘हाय पाठवा’ काढून चार गोष्टी मागितल्या, याला शेठचा विरोध होता, की लोक एवढं टाईप करत नाहीत, कमी येतील. कमी आलेच. पण ‘हाय’ पाठवणाऱ्याला तुम्हाला परत विचारावं लागतं, तो परत काहीतरी अर्धवट सांगतो, पाच फेऱ्या झाल्यावर कळतं की तो लेथवाला आहे. आणि उत्तर देताना समोरच्यालाही कळतं की हे आपल्यासाठी आहे की नाही.

टॅगचं आम्ही असं केलं. आधी ग्रुप अ‍ॅडमिनला वैयक्तिक मेसेज, ‘अमुक कंपनीतून बोलतेय, भरतीचा एक मेसेज टाकायचाय, टाकू का, की तुम्हीच टाकाल?’ अकरापैकी फक्त तीन ग्रुप निवडले, जिथे खरंच मशीनिंगवाले होते. तिघांपैकी दोघांनी स्वतःच टाकला, आणि अ‍ॅडमिननं टाकलेला मेसेज वेगळाच वाचला जातो. टॅग एकाच माणसाला केला, आपल्याच कंपनीतल्या सिनियर सेटरला, तोही त्याला विचारून: ‘कामाबद्दल काही विचारायचं असेल तर हे आमच्याकडे सहा वर्षं आहेत.’ खाली लोकांनी त्यालाच प्रश्न विचारले, ओव्हरटाईम मिळतो का, कँटीन कसं आहे, आणि त्यानं कँटीनबद्दल जे लिहिलं ते मी इथे लिहीत नाही, पण त्यामुळे बाकीच्यावर विश्वास बसला. दोन आयटीआयच्या सरांनाही ताईनं फोन केला, मेसेज नंतर पाठवला.

मधेच आलेली अडचण

चौथ्या दिवशी एक मुलगा गेटवर आला आणि म्हणाला, पाचशे रुपये रजिस्ट्रेशन भरलंय, कुठे जायचं. कोणीतरी आमचाच मेसेज उचलून, नंबर बदलून, ‘फी नाही’ची ओळ काढून पुढे पाठवला होता. म्हणजे मेसेज स्वच्छ लिहिला की तो चोरायलाही सोपा होतो, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

तो कॉपी मेसेज आम्हाला मिळाला तोवर त्यावर दोन बाण, म्हणजे बऱ्याच वेळा फॉरवर्ड झालेला. (फॉरवर्डचा एक बाण आणि पाच चॅटची मर्यादा आपल्याकडे २०१८ च्या जुलैत आली, धुळ्याच्या राईनपाड्यात अफवेवरून पाच माणसांना ठार मारलं त्याच महिन्यात; दोन बाण पुढच्या वर्षी आले. लोक विसरलेत, पण बाण दिसला की सावध व्हायची सवय लागलीय ती तेव्हापासून.) त्या मुलाला १९३० वर फोन करायला लावला आणि सायबर पोर्टलवर तक्रार टाकून दिली. तो फानुकवर कच्चा होता, पण शेठनं त्याला ट्रायलला बसवलं, ते मला आवडलं.

आता करायचं काय? तिन्ही ग्रुपवर मोठ्ठा इशारा टाकावा असं ताईचं मत होतं. मला भीती होती की ‘आमच्या नावानं फसवणूक चालू आहे’ असा मेसेज वाचून लोक खऱ्यापासूनही लांब राहतील. शेवटी अ‍ॅडमिनना सांगून मूळ मेसेजलाच रिप्लाय म्हणून दोन ओळी टाकल्या: आमचा नंबर एकच, शेवटचे चार आकडे हे, पैसे कोणी मागितले तर लँडलाईनवर कळवा. लँडलाईन आणि गेट या दोन गोष्टी नक्कल करणाऱ्याला वापरता येत नव्हत्या, त्या त्यानं कॉपीतून काढल्याच होत्या. पुढच्या आठवड्यात लँडलाईनवर वीसेक फोन आले, निम्मे नुसते खात्री करायला.

निकाल

दुसऱ्या खेपेला एकूण एकतीस मेसेज आले, पहिल्या खेपेच्या पाचवा हिस्सा. त्यातल्या बावीस जणांनी चारही गोष्टी लिहिल्या होत्या. ट्रायलला तेरा आले, पाच जॉईन झाले. सहावा ऑपरेटर आतल्याच एका हेल्परला शिकवून केला, तो महिनाभर उशिरा तयार झाला आणि तोवर एका मशीनची तिसरी पाळी बंद राहिली. क्वालिटीला एक मिळाला. ग्रुपमधून कोणी काढलं नाही. जुना बंद नंबर नंतर परत चालू झाला, पण वापरला नाही.

आता करायचं असतं तर

पगाराच्या ओळीत चूक माझी. २२,००० ते २६,००० हा ग्रॉस आकडा होता आणि लोकांनी तो हातात येणारा धरला. पीएफचे १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्सचे २०० गेले की २०,००० ते २४,००० उरतात. ट्रायल पास झालेले दोघं इथेच फिस्कटले, एक जण तर म्हणाला, ‘दादा, पहिल्यांदाच सांगायचं होतं, मी सुट्टी टाकून आलो.’ त्यानंतर आम्ही ‘हातात’ हा शब्द घातला. दुसरं, ग्रॉस २१,००० च्या वर गेलं की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होत नाही, आणि घरी आजारी आईवडील असलेल्या माणसाला ईएसआय नसणं हा मोठा मुद्दा असतो. तेही मेसेजमध्ये नव्हतं. मी ते टाळलं असं नाही, सुचलंच नाही, पण समोरच्याला दोन्ही सारखंच.

नवीन सिम घ्यायचंच नव्हतं, हे उघड आहे. आणि मेसेजला शेवटची तारीख दिली पण ती उलटल्यावर ‘भरती पूर्ण’ असं कोणी टाकलं नाही, त्यामुळे दोन महिन्यांनीही तो मेसेज फिरत होता आणि लोक येत होते, वॉचमन वैतागला.

दुसरा क्वालिटी इन्स्पेक्टर याच वॉचमनमुळे मिळाला. उशिरा आलेल्यांपैकी एकाला त्यानं परत न पाठवता बसवून ठेवलं, म्हणाला, ‘ताई, हा बोअर गेज स्वतःचा घेऊन आलाय, बघा तरी.’